शर्मिष्ठेने मागितलं होतं

वि. स. खांडेकरांची 'ययाति' वाचलेल्या कुणालाही विचारा, शर्मिष्ठा कशी आहे? उत्तर जवळजवळ ठरलेलं असतं. सोशिक आहे, प्रेमळ आहे, त्यागी आहे. देवयानी अहंकारी आणि शर्मिष्ठा निःस्वार्थी, ही जोडी आपल्या डोक्यात इतकी पक्की बसली आहे की मूळ महाभारतातही ती अशीच असणार, असं आपण गृहीत धरतो. मी महाभारताच्या आदिपर्वातलं ययातीचं आख्यान कादंबरी वाचल्यानंतर वाचलं आणि तिथे मला वेगळीच बाई भेटली. तीही दासी आहे, तिच्यावरही अन्याय झाला आहे. पण ती सोसत बसत नाही. ती राजासमोर उभी राहून स्वतःसाठी काहीतरी मागते, त्याने नाही म्हटल्यावर वाद घालते आणि तो वाद जिंकते.

माझं म्हणणं थोडक्यात सांगते. खांडेकरांनी शर्मिष्ठेला स्वतःच्या तोंडाने बोलण्याची संधी दिली, ही मोठी गोष्ट आहे. पण तिचा हेतू बदलताना त्यांनी तिच्याकडून मागण्याचा हक्क काढून घेतला. जुन्या कथेतल्या दुय्यम स्त्रीला 'आवाज मिळाला' असं आपण पटकन म्हणून टाकतो. त्या आवाजात ती नेमकं काय बोलते, हे मात्र तपासत नाही.

कादंबरी 1959 साली आली. पुढे 1974 सालचा ज्ञानपीठ पुरस्कार खांडेकरांना मिळाला, आणि मराठीला मिळालेलं ते पहिलं ज्ञानपीठ. आपल्या गोव्यातल्या वाचकांना खांडेकर तसे शेजारचेच. ऐन उमेदीची कितीतरी वर्षं ते शिरोड्याच्या शाळेत शिकवत होते. फोंड्याजवळचं शिरोडें नव्हे बरं का, तेरेखोलच्या पलीकडचं, सिंधुदुर्गातलं शिरोडा. त्यांची कादंबरी घराघरात वाचली गेली आणि अजूनही वाचली जाते. म्हणूनच तिने आपल्यासाठी कुठली शर्मिष्ठा तयार केली, हे पाहायला हवं. कारण आज मराठी वाचणाऱ्या बहुतेकांसाठी तीच खरी शर्मिष्ठा आहे.

आधी महाभारतातली गोष्ट बघू. शर्मिष्ठा ही असुरांचा राजा वृषपर्वा याची मुलगी आणि देवयानी ही त्याच्या गुरूची, शुक्राचार्यांची मुलगी. पाण्यात खेळायला गेलेल्या मुलींचे कपडे वाऱ्याने एकत्र होतात आणि शर्मिष्ठा चुकून देवयानीचं वस्त्र नेसते. भांडण होतं. देवयानी तिला शिष्या म्हणून हिणवते. शर्मिष्ठाही काही कमी नाही. तुझा बाप माझ्या बापाची स्तुती करून जगतो, तू मागणाऱ्याची मुलगी आणि मी देणाऱ्याची, असं ती सुनावते आणि देवयानीला विहिरीत ढकलून, मेली असं समजून, घरी निघून जाते. तेव्हा महाभारतातली शर्मिष्ठा पहिल्यापासून गरीब गाय नाही. तिला राग आहे, राजकन्येचा ताठा आहे आणि तिच्या हातून गंभीर गुन्हाही घडला आहे.

ययाती देवयानीला विहिरीतून बाहेर काढतो. देवयानी बापाला सांगते की आता मी या नगरात पाऊल टाकणार नाही. शुक्राचार्य गेले तर असुरांचा आधारच जाईल, म्हणून वृषपर्वा काय हवं ते माग म्हणतो. देवयानी मागते ते हे: शर्मिष्ठा हजार दासींसह माझी दासी व्हावी, आणि मी लग्न करून जिथे जाईन तिथे तिने माझ्यामागून यावं. निरोप मिळाल्यावर शर्मिष्ठा रडत नाही की विनवण्या करत नाही. माझ्यामुळे शुक्राचार्यांना आणि देवयानीला जावं लागू नये, एवढंच म्हणून ती पालखीत बसते. मागणाऱ्याच्या मुलीची दासी कशी होशील, असं देवयानी तिला टोमणा मारून विचारते. शर्मिष्ठेचं उत्तर शांत आहे. संकटात सापडलेल्या आपल्या माणसांना ज्या कशाने सुख होईल ते करावं, म्हणून मी तुझ्यामागून येईन. हे वाक्य त्यागाचं आहे, पण भाबडं नाही. आपण कशाच्या बदल्यात काय देतोय, हे तिला ठाऊक आहे. घराण्याच्या सुरक्षेसाठी तिने आपलं स्वातंत्र्य दिलं आहे. हा हिशेब तिच्या डोक्यात स्पष्ट आहे आणि पुढे तो उपयोगी पडतो.

लग्न होतं. शुक्राचार्य ययातीला बजावून सांगतात की शर्मिष्ठेला मान दे, पण तिला शय्येवर बोलावू नकोस. देवयानीच्या संमतीने शर्मिष्ठेची सोय अशोकवनाजवळ केली जाते. अन्नवस्त्राला कमी नाही, भोवती दासी आहेत. काळ जातो. देवयानीला मुलगा होतो. इथे महाभारत आपल्याला थोडा वेळ शर्मिष्ठेच्या मनात नेतं. तिचा ऋतुकाळ आला आहे, तिला पती नाही, तिचं तारुण्य असंच वाया चाललं आहे. ती स्वतःला विचारते की अशा वेळी काय करणं योग्य? आणि ठरवते की जसं देवयानीने या राजाला निवडलं, तसं मीही त्याला निवडीन. त्याने मला मूल द्यावं. तो एकटा भेटला पाहिजे.

'जसं तिने, तसं मी', या विचाराकडे जरा लक्ष द्या. प्रेमाचा उल्लेख इथे नाही. तुलना आहे. दोघी एका वयाच्या, एकत्र वाढलेल्या. एकीला घर, नवरा, मूल मिळालं आणि दुसरीला तिच्या दारातलं वन. शर्मिष्ठेला ही असमानता दिसते आणि ती तिच्यावर उपाय शोधते.

राजा सहज फिरत तिथे येतो. ती हात जोडून सामोरी जाते आणि मागणं मागते. माझं रूप, कुळ, शील तुला माहीत आहे, माझा ऋतू विफल होऊ देऊ नकोस. ऋतुकाळ म्हणजे पाळीनंतरचे गर्भधारणेला योग्य मानलेले दिवस. ते वाया जाऊ देणं म्हणजे जन्माला येऊ शकणारं मूल नाकारणं, अशी त्या काळची धारणा होती. ययाती तिचं कुळ, शील, रूप सगळं मान्य करतो, पण शुक्राचार्यांना दिलेल्या शब्दाकडे बोट दाखवतो. यानंतर जे होतं ते प्रेमिकांचं बोलणं नाही, दोन वकिलांचा वाद आहे.

शर्मिष्ठेचा पहिला मुद्दा शब्दाबद्दल. थट्टेत, स्त्रियांशी बोलताना, लग्नाच्या वेळी, जीव जात असताना आणि सगळं धन लुटलं जात असताना, अशा पाच प्रसंगी खोटं बोललेलं पाप ठरत नाही. हा मुद्दा कच्चा आहे आणि ययाती तो खोडून काढतो. राजा हा लोकांसाठी प्रमाण असतो, राजाच खोटं वागला तर त्याचा नाश होतो, मी संकटात सापडलो तरी असं करणार नाही. शर्मिष्ठा तो मुद्दा सोडून देते आणि दुसरा मांडते. मैत्रिणीचा नवरा आणि आपला नवरा हे सारखेच मानले जातात. माझ्या सखीने तुला वरलं, म्हणजे मीही तुला वरलं. आता ययाती थोडा मऊ पडतो. मागणाऱ्याला द्यावं हे माझं व्रत आहे, तू मागतेस, तर सांग मी काय करू, असं विचारतो. मग शर्मिष्ठा सगळ्यात भक्कम मुद्दा बाहेर काढते. बायको, दास आणि मुलगा या तिघांच्या मालकीचं काही नसतं. ते ज्याचे असतात, त्याचंच त्यांचं सगळं असतं. मी देवयानीची दासी. देवयानी तुझी. म्हणजे मीही तुझ्याच आधाराला आहे. ययातीला हे पटतं आणि तो तिचं मागणं पूर्ण करतो.

हा तिसरा मुद्दा मी दोनदा वाचला. देवयानीने शर्मिष्ठेला दासी केलं ते तिला खाली ढकलण्यासाठी. शर्मिष्ठा त्याच दासीपणाचा कायदा उचलते आणि त्यानेच दार उघडते. जी अट तिला बांधायला घातली होती, तीच ती तिच्या बाजूचा पुरावा म्हणून वापरते. शस्त्र नाही, बाप जवळ नाही, सैन्य नाही. हाताशी फक्त नियम आहेत, आणि ते नियमही तिच्याविरुद्ध केलेले. तिने केलेला हा युक्तिवाद तिची बुद्धी दाखवतो आणि तिची कोंडीही.

पुढचा प्रसंगही असाच. तिला मूल झाल्याचं कळल्यावर देवयानी जाब विचारते. शर्मिष्ठा सांगते की कुणी एक धर्मात्मा ऋषी आला होता, त्याच्याकडे मी धर्माला धरून मूल मागितलं. नाव, गोत्र काय? तर म्हणे तो तेजाने इतका तळपत होता की विचारायचं धाडसच झालं नाही. देवयानी त्या वेळी गप्प होते. पुढे एक दिवस वनात खेळणारी मुलं बापाचं नाव विचारल्यावर ययातीकडेच बोट दाखवतात आणि सगळं उघड होतं. तेव्हा शर्मिष्ठा पाया पडत नाही. ऋषी म्हटलं ते खरंच होतं, असं ती म्हणते, कारण ययाती राजर्षी आहे. मी न्यायाने आणि धर्माने वागले, मला तुझी भीती वाटत नाही, तू त्याला वरलंस तेव्हाच मीही वरलं. तू मला पूज्य आहेस, पण तो राजर्षी त्याहून पूज्य आहे. दासी मालकिणीला सांगते की मला तुझी भीती वाटत नाही! या एका वाक्यासाठी तरी हे आख्यान वाचावं.

म्हणून महाभारतातली शर्मिष्ठा आजच्या अर्थाने स्वतंत्र स्त्री होती, असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणं सोपं आहे आणि चुकीचंही. ज्या युक्तिवादाने ती जिंकते तो भयंकर आहे. दासीचं शरीर मालकाच्या मालकीचं, हे तो मान्य करतो. तिच्याबरोबर आलेल्या हजार दासींना तोच नियम लागू केला तर काय होईल, याचा विचार करा. त्यांना कुणी मत विचारत नाही, त्यांची नावंही आपल्याला कळत नाहीत. तिला हवं आहे ते मूल आणि त्यातून मिळणारं स्थान. त्या चौकटीबाहेर ती जात नाही. पण चौकटीच्या आत ती काय करते, तर आपली इच्छा ओळखते, ती बोलून दाखवते, तिच्यासाठी कारणं देते आणि पकडली गेल्यावर तिची जबाबदारी घेते.

आता खांडेकरांकडे वळू. त्यांच्या कादंबरीत ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा हे तिघे आळीपाळीने स्वतःची गोष्ट सांगतात. महाभारतात शर्मिष्ठेचं मन आपल्याला काही ओळींपुरतं दिसतं, इथे पानंच्या पानं दिसतं. दासी झाल्यानंतरचा अपमान, एकटेपणा, तान्ह्या पुरूला घेऊन जीव मुठीत धरून केलेली पळापळ, वर्षानुवर्षं लपून काढलेले दिवस, मुलावर राजपुत्र म्हणून हक्क सांगता न येण्याचं दुःख, हे सगळं तिच्याच तोंडून येतं. महाभारतात दोन प्रसंगांच्या मधल्या काळात तिच्यावर काय गुदरलं असेल, याबद्दल जवळजवळ शब्द नाही. तो काळ खांडेकरांनी भरून काढला. तिचं आईपण त्यांनी खरं केलं. हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

पण हेतू बदलला. कादंबरीतली शर्मिष्ठा ययातीकडे येते ती प्रेमाने. त्याला देवयानीकडून माया मिळत नाही, तिला कुणाकडूनच मिळत नाही. दोघांची एकमेकांकडची ओढ या एकटेपणातून वाढते. ऋतुकाळाचं मागणं, मैत्रिणीच्या नवऱ्याचा मुद्दा, दासीच्या धनाचा मुद्दा, 'जसं तिने तसं मी' हा निश्चय, यांना त्या प्रेमात जागा उरत नाही. वाद घालून मिळवलेल्या गोष्टीच्या जागी आपोआप घडलेली गोष्ट येते. आणि हे प्रेम मोठं का, तर ते काही मागत नाही म्हणून. देत राहतं, क्षमा करतं, वाट पाहतं.

मुलांची संख्या बघा म्हणजे फरक चटकन लक्षात येईल. महाभारतात देवयानीचे दोन मुलगे, यदू आणि तुर्वसू. शर्मिष्ठेचे तीन, द्रुह्यू, अनू आणि पूरू. कादंबरीत यदू आणि पुरू, दोघींचा एकेक. कथा सुटसुटीत करायला पात्रं कमी करावी लागतात, हे खरं. पण तीन मुलगे म्हणजे एखादी भावनेच्या भरातली रात्र नव्हे. तीन मुलगे म्हणजे अशोकवनात वर्षानुवर्षं चाललेला दुसरा संसार, राणीपेक्षा एक मूल जास्त. 'मला मूल हवं' हे तिने पुन्हा पुन्हा ठरवलेलं आहे. एकच मूल ठेवलं की तो संसार जातो आणि उरतं ते एक हळवं प्रेमप्रकरण व त्याची आयुष्यभर मोजलेली किंमत.

खांडेकरांनी असं का केलं? माझ्या मते कादंबरीच्या रचनेनेच ते करायला लावलं. स्वातंत्र्यानंतर सुखाच्या मागे धावणारा माणूस त्यांना अस्वस्थ करत होता आणि ययाती त्यांना त्या माणसाचा चेहरा वाटला. म्हणून ययाती म्हणजे न संपणारी भोगाची भूक. देवयानी म्हणजे अहंकार. कच म्हणजे संयम. मूळ आख्यानात संजीवनी घेऊन निघून जाणाऱ्या कचाला त्यांनी कादंबरीत पुन्हा पुन्हा आणलं ते याचसाठी. या मांडणीत चौथी जागा रिकामी राहते, निरपेक्ष प्रेमाची. ती शर्मिष्ठेला दिली गेली. आता निरपेक्ष प्रेमाची मूर्ती जर राजासमोर उभी राहून म्हणाली की तिला मिळालं ते मलाही हवं, तर सगळी मांडणी डळमळते. मग मागणारे दोघे होतील, ययाती आणि शर्मिष्ठा, आणि लेखकाला दोन मागण्यांमध्ये फरक करावा लागेल. एकाची इच्छा ही हाव आणि दुसरीची इच्छा हा हक्क, असं दाखवणं त्यांना अशक्य नव्हतं. पण त्यांनी सोपा रस्ता घेतला आणि तिची इच्छाच वितळवून टाकली.

यावर माझ्या एका मैत्रिणीने हरकत घेतली. ती म्हणाली, अगं, मुलासाठी राजाकडे जाण्यापेक्षा प्रेमासाठी जाणं जास्त मोकळेपणाचं नाही का? महाभारतातली शर्मिष्ठा 'ऋतू वाया जाईल' म्हणते, म्हणजे ती स्वतःला गर्भाशयच समजते ना? हरकत वजनदार आहे. प्रेम ही सुद्धा निवडच असते आणि 1959 सालच्या मराठी घरात लग्नाबाहेरच्या प्रेमातून आई झालेल्या स्त्रीला इतक्या आदराने उभं करणं हे काही कमी धाडसाचं नव्हतं. ऋतुकाळाचं मागणं जसंच्या तसं ठेवलं असतं तर त्या काळच्या कितीतरी वाचकांना ती निर्लज्ज वाटली असती. पण माझा प्रश्न प्रेम की मूल असा नाहीच. प्रेमासाठीसुद्धा मागता येतं, भांडता येतं, मला भीती वाटत नाही असं म्हणता येतं. खांडेकरांची शर्मिष्ठा प्रेम करते तेव्हा हे सगळं मागे ठेवते. तिला आदर मिळतो तो या मागे ठेवण्याबद्दल. वाचकाने तिला क्षमा करावी म्हणून तिने आधी निरिच्छ व्हायचं, हा सौदा मला खटकतो.

दुसरा रस्ता होता हे दाखवायला फार दूर जायला नको. त्याच सुमारास, 1961 मध्ये, धारवाडकडच्या एका तरुणाचं 'ययाति' याच नावाचं कन्नड नाटक प्रसिद्ध झालं. तो तरुण म्हणजे गिरीश कर्नाड. त्यांची शर्मिष्ठा जिभेची तिखट आहे, कडवट आहे, आपल्याला दासी केलं याचा राग ती लपवत नाही. ती महाभारतातल्यासारखी कायदेशीर बोलत नाही, पण तिचा राग शाबूत आहे. म्हणजे कादंबरीकार आणि नाटककार एकाच आख्यानातून एकाच काळात दोन वेगळ्या बायका घडवू शकत होते. खांडेकरांची शर्मिष्ठा ही मूळ कथेची अपरिहार्य परिणती नव्हती, ती एका लेखकाची निवड होती.

परंपरेनेही तिला निव्वळ त्यागासाठी लक्षात ठेवलेलं नाही. शाकुंतलात कण्व शकुंतलेला सासरी पाठवताना आशीर्वाद देतात तो शर्मिष्ठेचं नाव घेऊन. ययातीला शर्मिष्ठा जशी मान्य होती तशी तू पतीला हो आणि तिला पूरू झाला तसा सम्राट मुलगा तुला होवो. विवाहित राणी देवयानी असताना आशीर्वादात नाव येतं दासीचं. आणि का येऊ नये? दुष्यंत पूरूच्या वंशातला. पुढे कौरव-पांडवही त्याच वंशातले. म्हणजे जिच्या मागण्याला राजा आधी नाही म्हणाला, तिच्या धाकट्या मुलापासून महाभारतातलं राजघराणं पुढे चालतं. शर्मिष्ठेने त्या दिवशी वाद घातला नसता तर ही गोष्टच सांगायला उरली नसती.

म्हणून पुराणकथेवरची कुठलीही नवी कादंबरी हातात आली आणि कुणी म्हणालं की हिने अमक्या दुर्लक्षित स्त्रीला न्याय दिला, तर मी आता तीन गोष्टी बघते. मुख्य कृती सुरू कोण करतं, ती की दुसरं कुणी? तिला नेमकं काय हवं आहे, आणि ते ती मोठ्याने म्हणते का? आणि आरोप झाल्यावर ती काय उत्तर देते? या तिन्ही ठिकाणी महाभारतातली शर्मिष्ठा ठामपणे उभी आहे, तीही अवघ्या दोन-तीन अध्यायांत. कादंबरीतली शर्मिष्ठा कितीतरी जास्त बोलते, आणि तिचं दुःख वाचताना माझेही डोळे भरून आले होते. पण तिन्ही प्रश्नांना तिची उत्तरं मवाळ आहेत.

'ययाति' वाचू नका, असं मी कुणाला सांगणार नाही. जरूर वाचा, मी पुन्हा वाचणार आहे. फक्त शेवटचं पान मिटल्यावर आदिपर्वातलं ययातीचं आख्यान शोधा. मराठी भाषांतरं आपल्या ग्रंथालयांत असतात, आणि हा भाग तासाभरात वाचून होतो. मग ठरवा, तुम्हाला कोणती शर्मिष्ठा जवळची वाटते. आपल्या घरांत शांतपणे सगळं सहन करणाऱ्या मुलीचं कौतुक करणारी माणसं पुष्कळ आहेत. 'तिला मिळालं ते मलाही हवं आणि माझी कारणं ही' असं म्हणणाऱ्या मुलीचं कौतुक अजून कमीच होतं. त्या मुलीला आपल्या साहित्यात जागा हवी असेल, तर ती जागा फार जुनी आहे हे तरी आपल्याला माहीत असू द्या.